युरोचं नाणं कोणत्या देशाचं?

आकडा असलेली बाजू सगळ्या देशांत सारखीच असते, म्हणून नाणं उलटून १२ ताऱ्यांच्या कड्यातलं चित्र पाहा. १ युरोवर गरुड असेल तर जर्मनी, वीणेसारखं हार्प वाद्य असेल तर आयर्लंड, घुबड असेल तर ग्रीस.

सुट्या अक्षरावरून मात्र देश ठरवू नका. ते बहुधा टांकसाळीचं असतं. जर्मन नाण्यावरचं 'एफ' म्हणजे फ्रान्स नव्हे, ती श्टुटगार्टची टांकसाळ. २००२ च्या काही ग्रीक १ युरो नाण्यांवर एका ताऱ्यात बारीक 'एस' दिसतो. ती फिनलंडमध्ये पाडली गेली, तरी घुबड आणि ग्रीक लिपीतलं मूल्य सांगतं की नाणं ग्रीसचंच.

२ युरोवर अनोळखी चित्र दिसलं, तर ते स्मारक नाणं असू शकतं. तिथे देशाचं नाव किंवा आद्याक्षरं शोधा.