एकशे आठ टक्क्यांची गोष्ट: म्हाताऱ्या हिशेबनिसावर लघुकथा कशी लिहावी

अंदाजपत्रकातल्या टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर गेल्याचे एका जुन्या हिशेबनिसाच्या लक्षात येते, या कल्पनेवर कथा लिहायची असेल तर पहिले वाक्य लिहिण्याआधी आकडे कागदावर मांडा. वाचकाला बेरीज स्वतः करून पाहता आली पाहिजे.

प्रथम चूक ठरवा. बेरीज 101 आली तर कथा उभी राहत नाही, कारण अपूर्णांक पूर्णांकात बदलताना एवढा फरक सहज पडतो. सहा बाबी असतील तर प्रत्येकीत जास्तीत जास्त अर्धा टक्का वाढू शकतो, म्हणजे एकूण 3. तेव्हा बेरीज 103 च्या पुढे न्या. समजा 50 लाखांचे अंदाजपत्रक आहे: वेतन 42, साहित्य 25, इमारत 23, दुरुस्ती 8, प्रवास 6, किरकोळ 4. बेरीज 108.

आता त्याला शोध घेऊ द्या, आणि इथे घाई करू नका. मुरलेला हिशेबनीस आधी खालून वर बेरीज करून ताळा पाहतो. मग जास्तीचे 8 घेऊन तेवढीच रक्कम कुठल्या बाबीत आहे ते बघतो. दुरुस्ती बरोबर 8. पण आकडा जुळला म्हणजे कारण सापडले असे नाही, हे तो जाणतो. म्हणून तो इमारतीच्या 23 टक्क्यांची फोड मागवतो आणि दुरुस्ती त्यातही धरलेली निघते. एकच खर्च दोनदा! हा प्रसंग कथेचा कणा आहे. त्याचे वय पांढऱ्या केसांतून सांगण्यापेक्षा या क्रमातून दाखवा.

पुढची पायरी म्हणजे चुकीची किंमत. बाबींना मिळून 54 लाख मंजूर झाले, तिजोरीत मात्र 50. वर्षाच्या सुरुवातीला कुणालाच काही जाणवणार नाही, कारण लवकर आलेली बिले निघून जातील. पण दोन्ही बाबींतून दुरुस्तीवर खर्च झाला, तर ज्यांचे बिल शेवटी येते त्यांच्यापुरते पैसे उरणार नाहीत. ती माणसे कोण, हे ठरवलेत की हिशेबनीस कुणासाठी भांडतो तेही ठरते. अपहाराचे रहस्य घालण्याचा मोह टाळा. निष्काळजीपणातून झालेली चूक जास्त अवघड असते, कारण ती मान्य करायला कुणी पुढे येत नाही.

संवाद थोडका ठेवा. साहेब म्हणतात, "काका, छपाईची चूक असेल." काका फोडीचा कागद पुढे सरकवून विचारतात, "मग साहेब, हे 4 लाख कुणाच्या बिलातून कापायचे?"

साहेबांचे उत्तर लिहिण्याआधी मागच्या वर्षाच्या फाइलचा विचार करा. तिथेही हीच फोड असेल आणि तिच्यावर काकांचीच तपासल्याची खूण असेल, तर ती फाइल ते स्वतः टेबलावर ठेवतात की नाही, यावर कथेचा शेवट करा.