टँकरच्या जाहिरातीला रेझ्युमे पाठवताना या चुका टाळा

शिपिंगच्या जाहिरातीत 'थर्ड ऑफिसर, प्रॉडक्ट टँकर, टाइपवर रँकमधे किमान 6 महिने' असं लिहिलेलं असतं आणि आपली पोरं वाचतात फक्त '6 महिने', मग पाठवून देतात. एकूण सी सर्व्हिस, रँकमधली सर्व्हिस आणि त्या टाइपच्या जहाजावर त्या रँकमधली सर्व्हिस, हे तीन वेगळे हिशोब आहेत आणि क्रूइंगवाला नेमका तिसराच बघतो.

मानेवाड्यातल्या एका पोराचा रेझ्युमे घ्या, सीताबर्डीच्या नेट कॅफेत बनवलेला. सगळ्यात वर 'करिअर ऑब्जेक्टिव्ह', जो कोणीच वाचत नाही, आणि खाली एका ओळीत 'थर्ड ऑफिसर, 2023 ते 2024, बल्क आणि टँकर'. बघणाऱ्याला वाटणार दोन वर्षं जहाजावर होता. सीडीसीतले, म्हणजे जहाजावरच्या नोकरीची नोंद असलेल्या पुस्तकातले, साइन ऑन, साइन ऑफ काढले तर चित्र असं दिसतं: बल्क कॅरिअरवर 5 जानेवारी ते 27 जून 2023, म्हणजे 5 महिने 23 दिवस, मग सुट्टी, मग प्रॉडक्ट टँकरवर 14 फेब्रुवारी ते 20 ऑगस्ट 2024, म्हणजे 6 महिने 7 दिवस. रँकमधे एकूण बरोब्बर 12 महिने. त्याआधी कॅडेट असताना टँकरवर 8 महिने 20 दिवस काढलेले, ते धरून टँकरचा अनुभव 14 महिने 27 दिवस, पण थर्ड ऑफिसर म्हणून टँकरवर 6 महिने 7 दिवसच.

आता वरच्या 6 महिन्यांच्या जाहिरातीत हा पोरगा बसतो, आणि त्याच्या रेझ्युमेवरून ते कळतच नाही, हीच तर गंमत आहे. उलट 'टाइपवर रँकमधे 12 महिने' मागणाऱ्या जागेला तो बसत नाही, तिथे कॅडेटचे महिने मिळवून आकडा फुगवला तर इंटरव्ह्यूत सीडीसी उघडली की विषय संपला, आणि त्यासाठी नागपूरहून रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठली असेल तर तिकिटाचे पैसे पण गेले. त्यामुळे प्रत्येक जहाजाची वेगळी ओळ टाका, रँक, टाइप, डीडब्ल्यूटी, साइन ऑन, साइन ऑफ, महिने-दिवस, आणि सगळ्यात अलीकडचं जहाज वर. तारखा सीडीसीतल्या शिक्क्यावरूनच उतरवा, आठवून लिहायच्या नाहीत. मधली सुट्टी लपवू नका, परीक्षा किंवा कोर्स केला असेल तर एका ओळीत लिहा ना, पुरतं तेवढं.

टाइपच्या रकान्यात नुसतं 'टँकर' लिहिणं पण महागात पडतं. क्रूड, प्रॉडक्ट, केमिकल आणि गॅस असे प्रकार वेगळे आहेत. गॅसवाल्यांची जाहिरात असेल तर ऑइल-केमिकलचं बेसिक ट्रेनिंग तिथे चालत नाही, एसटीसीडब्ल्यू या ट्रेनिंगच्या आंतरराष्ट्रीय करारामधे एलपीजी, एलएनजीसाठी नियमच वेगळा आहे.

सर्टिफिकेटमधे सगळ्यात जास्त गोंधळ डीसीईचा. टँकरचा कोर्स केला की त्याचं सर्टिफिकेट मिळतं, डीसीई म्हणजे त्यानंतर मिळणारं डेंजरस कार्गो एन्डोर्समेंट, दोन्ही वेगळे कागद आहेत. जाहिरातीत डीसीई मागितलं आणि रेझ्युमेत फक्त कोर्सचं नाव असेल तर वाचणारा 'नाही' असंच धरतो. बेसिक की अ‍ॅडव्हान्स्ड तेही लिहा, नंबर आणि एक्स्पायरी डेट लिहा.

एक्स्पायरी बघताना लोक आजची तारीख बघतात, बघायची असते साइन ऑफची. आपल्या पोराचं डीसीई 2 सप्टेंबर 2025 पर्यंत होतं, जॉइनिंग 10 जून 2025 ला आणि कॉन्ट्रॅक्ट 6 महिन्यांचं, म्हणजे डिसेंबरच्या 10 तारखेपर्यंत जहाजावर. जॉइनिंगला कागद व्हॅलिड, पण जहाजावर असतानाच संपतो, आणि कंपनी असा माणूस पाठवत नाही. मेडिकलचं तसंच, 18 वर्षांवरच्यांना ते जास्तीत जास्त 2 वर्षांचं मिळतं, आणि बेसिक सेफ्टीतल्या पीएसटी आणि फायर फायटिंगचे रिफ्रेशर 5 वर्षांनी करावे लागतात.

सुदैवाने टँकरचं सर्टिफिकेट रिन्यू करायला एसटीसीडब्ल्यूप्रमाणे मागच्या 5 वर्षांत टँकरवर 3 महिन्यांची सर्व्हिस लागते आणि त्याच्याकडे 2024 चीच 6 महिने 7 दिवस आहे, म्हणजे परत कोर्सला बसायची गरज नाही. तेव्हा आधी रिन्यूअलचा अर्ज टाकायचा, आणि रेझ्युमेत एक्स्पायरीच्या शेजारी 'रिन्यूअल अप्लाइड' आणि अर्जाची तारीख लिहायची. अर्ज केलेला नसताना मात्र हे लिहू नका, कारण पावती मागतात.