अंतिम मूल्य प्रमेय चुकीचे उत्तर केव्हा देते? झेड-ट्रान्सफॉर्म वापरताना या चुका टाळा

पाण्याच्या एका टाकीची पातळी दर मिनिटाला मोजली जाते आणि हव्या असलेल्या पातळीपेक्षा ती जितकी कमी भरेल त्याच्या `K` पट भर पुढच्या मिनिटात घातली जाते, अशी एक साधी नियंत्रण-यंत्रणा घेऊ. पातळी मधल्या खुणेपासून मोजू, म्हणजे ती ऋणही असू शकेल. सुरुवातीची पातळी शून्य आणि हवी असलेली पातळी १ एकक मानली, तर समीकरण असे होते:

`y[n+1] = y[n] + K(1 - y[n])`, `y[0] = 0`

दोन्ही बाजूंचा झेड-ट्रान्सफॉर्म घेऊन मांडणी केली की

`Y(z) = Kz / ((z-1)(z-1+K))`

हे मिळते. पातळी शेवटी कुठे स्थिरावेल, असे विचारले की बहुतेक विद्यार्थी लगेच अंतिम मूल्य प्रमेय लावतात: `(z-1)Y(z)` घ्यायचे आणि `z` ला १ कडे न्यायचे. `(z-1)` छेदातून जातो, उरते `Kz/(z-1+K)`, आणि `z = 1` ठेवल्यावर `K/K`, म्हणजे १. पातळी बरोबर हव्या त्या ठिकाणी येते आणि स्थिर अवस्थेतील त्रुटी शून्य असते, असा निष्कर्ष उत्तरपत्रिकेत लिहिला जातो.

या उत्तरात `K` कुठेच उरलेला नाही, आणि संशय यायला हवा तो इथेच. `K` ०.५ असो, २ असो वा २.५ असो, प्रमेय १ हेच उत्तर देत राहते. वरचे समीकरण हाताने सोडवले तर `y[n] = 1 - (1-K)^n` असे मिळते. `K = 0.5` साठी क्रम ०, ०.५, ०.७५, ०.८७५ असा १ कडे सरकतो आणि प्रमेय खरे ठरते. `K = 2.5` साठी मात्र तोच क्रम ०, २.५, −१.२५, ४.३७५, −४.०६२५ असा दर मिनिटाला चिन्ह बदलत वाढत जातो. प्रत्यक्षात टाकी आलटून पालटून ओसंडते आणि रिकामी होते, तरी कागदावरचे उत्तर १ हेच राहते.

अंतिम मूल्य प्रमेयाच्या चुकांमध्ये मला ही सर्वांत धोक्याची वाटते, कारण उत्तर हास्यास्पद दिसत नाही. `2^n` या क्रमाचा ट्रान्सफॉर्म `z/(z-2)` आहे आणि त्याला प्रमेय लावल्यास उत्तर शून्य येते. वाढत जाणाऱ्या क्रमाचे अंतिम मूल्य शून्य म्हटले की वाचणारा निदान थबकतो. टाकीच्या उदाहरणात मात्र चुकीचे उत्तर आणि आपल्याला हवे असलेले उत्तर एकच असल्यामुळे कोणीही मागे वळून पाहत नाही.

अट नेमकी कशाची आहे?

अट अशी: `(z-1)Y(z)` चे सर्व पोल एकक वर्तुळाच्या आत, म्हणजे मूळबिंदूपासून १ पेक्षा कमी अंतरावर असले पाहिजेत. दुसऱ्या शब्दांत, `Y(z)` ला `z = 1` येथे फार तर एकच साधा पोल असू शकतो आणि बाकी सगळे आत हवेत. टाकीच्या उदाहरणात उरलेला पोल `1-K` येथे आहे. तो आत राहण्यासाठी `K` ० आणि २ यांच्या दरम्यान हवा. `K = 2.5` असताना तो −१.५ वर जातो.

ही अट पाठ करण्यापेक्षा ती कुठून येते हे एकदा पाहावे. लागोपाठच्या दोन पदांच्या फरकांची बेरीज `y[N+1] - y[0]` इतकी असते. `(z-1)Y(z) - z·y[0]` ही त्याच फरकांची, पण प्रत्येकाला `z` च्या ऋण घाताने गुणून केलेली अनंत बेरीज आहे. `z` ला १ कडे नेल्यावर ही अनंत बेरीज साध्या बेरजेकडे जाईल, असे आपण गृहीत धरतो. पोल −१.५ वर असेल, तर ही बेरीज मुळात एककाच्या दीडपट त्रिज्येच्या वर्तुळाबाहेरच अभिसारी असते, आणि `z = 1` हा बिंदू त्या अभिसरण-क्षेत्रात तर नाहीच, पण त्याच्या काठावरही नाही. तिथे अपूर्णांकाला किंमत असते, पण बेरजेला अर्थ नसतो. अपूर्णांक आणि बेरीज ही वेगळी गोष्ट आहे, हे विसरल्यामुळेच गणना निर्विघ्न पार पडते आणि तरीही उत्तर खोटे निघते.

पोल नेमका वर्तुळावर असेल तर

`K = 2` घेतल्यास पोल −१ वर येतो आणि क्रम ०, २, ०, २ असा कायम डोलत राहतो. त्याला अंतिम मूल्य नाही, पण प्रमेय इथेही १ सांगते. हा १ निरर्थक नाही: तो ० आणि २ यांची सरासरी आहे. वर्तुळावर साधे, एकपदरी पोल असतील तेव्हा बाहेरून `z = 1` कडे येताना मिळणारी सीमा दीर्घकालीन सरासरीच देते. `(-1)^n` साठी शून्य मिळते तेही याच कारणाने. त्यामुळे डोलणाऱ्या उत्तरावर हे प्रमेय लावून आलेली संख्या सरासरी म्हणून वापरण्यास हरकत नाही. ती स्थिर मूल्य म्हणून अहवालात लिहिली, तर मात्र चूक होते. पोल वर्तुळाबाहेर गेल्यावर सरासरीचा हा अर्थही उरत नाही.

एका नमुन्याचा उशीर विसरणे

प्रत्यक्ष यंत्रणेत मोजमाप, गणना आणि झडपेची हालचाल यांत बहुधा एका नमुन्याचा उशीर होतोच. आता आधीच्या मिनिटाची त्रुटी वापरली जाते असे धरू:

`y[n+1] = y[n] + K·e[n-1]`, `e[n] = 1 - y[n]`

यातून `Y(z) = Kz / ((z-1)(z² - z + K))` मिळते. `(z-1)Y(z)` ची `z = 1` येथील किंमत पुन्हा `K/K`, म्हणजे १. उशिरामुळे प्रमेयाच्या उत्तरात काडीचाही फरक पडला नाही.

पोलमध्ये मात्र पडला. द्विघात `z² + a₁z + a₀` चे दोन्ही पोल आत आहेत का, हे मुळे न काढता ज्यूरीच्या कसोटीने पाहता येते. `a₀` ची केवल किंमत १ पेक्षा कमी हवी, आणि `1 + a₁ + a₀` व `1 - a₁ + a₀` या दोन्ही धन हव्यात. इथे `a₁ = -1` आणि `a₀ = K`, म्हणून शेवटच्या दोन किमती अनुक्रमे `K` आणि `2 + K` येतात. धन `K` साठी त्या आपोआप धन राहतात, आणि खरी मर्यादा पहिली अट घालते: `K` १ पेक्षा कमी हवा. उशीर नसताना ही मर्यादा २ होती. म्हणजे `K = 1.5` ठेवलेली टाकी उशीर नसताना व्यवस्थित स्थिरावते, आणि केवळ एका मिनिटाचा उशीर आला की हाताबाहेर जाते. शंका असेल तेव्हा दहा ओळींचाही नसलेला हा कोड चालवून पाहावा:

```python
K = 1.5
y, e_prev = 0.0, 0.0
for n in range(9):
    print(n, y)
    e = 1.0 - y
    y = y + K * e_prev
    e_prev = e
```

पडद्यावर ०, ०, १.५, ३, २.२५, −०.७५, −२.६२५, ०, ५.४३७५ असे आकडे येतात. तिसऱ्या पायरीवरचा ३ आणि आठव्या पायरीवरचा ५.४३७५ ही दोन शिखरे शेजारी ठेवली की डोलणे वाढत आहे हे दिसते. मात्र पहिली तीन-चार पदे पाहून निर्णय घेऊ नये. पोल वर्तुळाच्या अगदी लगत बाहेर असेल तर वाढ इतकी मंद असते की शंभर पदांपर्यंत ती नजरेत येत नाही, आणि तिथे पोल तपासण्याला पर्याय नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी `(z-1)Y(z)` मध्ये जे खरोखर छेदले जाते ते छेदावे, मग उरलेल्या छेदाचे पोल तपासावेत, आणि सगळे आत असतील तरच सीमा काढावी. परीक्षेत या तपासणीची एक ओळ लिहिली नसेल, तर उत्तर जुळले तरी ते सिद्ध झालेले नसते.

आरंभिक मूल्य प्रमेयावर नको ती अट लादणे

अंतिम मूल्याची अट एकदा अंगवळणी पडली की काही जण उलट चूक करतात. पोल बाहेर आहेत, तेव्हा आरंभिक मूल्य प्रमेयही लागू नाही, असे ते लिहितात. `z` ला अनंताकडे नेऊन `y[0]` काढण्यासाठी स्थिरतेची गरज नाही. उशीर असलेल्या आणि अस्थिर झालेल्या टाकीसाठीच पाहा: `Y(z)` ची सीमा ०, म्हणून `y[0] = 0`. `z·Y(z)` ची सीमाही ०, म्हणून `y[1] = 0`. `z²·Y(z)` ची सीमा `K`, म्हणून `y[2] = 1.5`. वर छापलेल्या आकड्यांतील पहिली तीन पदे हीच आहेत. (आधीची पदे शून्य आहेत म्हणूनच असा थेट गुणाकार चालला. एरवी `y[0]` वजा करून मगच `z` ने गुणावे लागते.)

या प्रमेयाची खरी अट क्रम कारणिक असण्याची, म्हणजे `n = 0` च्या आधीची सर्व पदे शून्य असण्याची आहे. `z/(z-2)` हाच ट्रान्सफॉर्म अभिसरण-क्षेत्र वर्तुळाच्या आत, म्हणजे २ पेक्षा कमी अंतरावर घेतला, तर तो `n = -1` पासून मागे पसरलेल्या `-2^n` या क्रमाचा असतो. त्याचे `x[0]` शून्य आहे, पण प्रमेय १ सांगते. अंशाचा घात छेदाच्या घातापेक्षा मोठा असेल, उदाहरणार्थ `z²/(z-0.5)`, तर सीमा अनंत येते. याचा अर्थ `x[0]` अनंत आहे असा होत नाही. हा ट्रान्सफॉर्म कारणिक क्रमाचा नाही, इतकेच ती सीमा सांगते.

शेवटी एक चूक जी अंतिम मूल्य कधीच पकडत नाही, पण आरंभिक मूल्य लगेच पकडते. एकक पायरीचा ट्रान्सफॉर्म `z/(z-1)` आहे. घाईत `1/(z-1)` लिहिले, तरी `(z-1)` ने गुणून `z = 1` ठेवल्यावर दोन्हींचे उत्तर १ च येते, कारण एका नमुन्याने पुढे सरकलेल्या क्रमाचे अंतिम मूल्य तेच राहते. `z` अनंताकडे नेल्यावर मात्र पहिल्याचे १ येते आणि दुसऱ्याचे ०.