लिफ्टचा एएमसी करार: सही करण्याआधीची तयारी

एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. चालू करार संपायला दोन महिने उरले की कामाला लागा. एक एप्रिलला नवा करार सुरू व्हायचा असेल, तर फेब्रुवारीतच कोटेशन हातात हवीत. म्हणजे दर बोलायला आणि मुख्य म्हणजे वगळलेल्या गोष्टींची यादी नीट वाचायला वेळ मिळतो. भांडणं कंपनीच्या दरावरून फारशी होत नाहीत, होतात ती त्या यादीवरून.

अंधेरीतली तळमजला अधिक सात मजल्यांची एक इमारत समजा. एकच लिफ्ट, सहा माणसांची, म्हणजे ४०८ किलोची. एका कंपनीने वर्षाला ३०,००० रुपये सांगितले, दुसरीने ६०,०००. दोन्ही दर हिशेबापुरते धरलेत. पहिला दर फक्त देखभालीचा आहे: महिन्याला एक फेरी, साफसफाई, तेल-ग्रीस, जुळवाजुळव. भाग बदलावा लागला की त्याचं बिल सोसायटीला. दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह, सुट्या भागांसकट. मात्र 'सुट्या भागांसकट' या शब्दांवर विसंबू नका. वायर रोप, मोटर, कंट्रोलरचं कार्ड, ड्राइव्ह, दरवाजाचा सेन्सर, ब्रेक लायनर, ट्रॅव्हलिंग केबल आणि वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणाऱ्या एआरडीच्या बॅटऱ्या यांतलं काय आत आणि काय बाहेर, हे नावानिशी लिहून घ्या. बॅटऱ्या तर बहुधा बाहेरच असतात. काही वर्षांनी त्या उतरतातच, म्हणून हा खर्च बजेटमध्ये धरून ठेवा.

रोपबद्दल एक गोष्ट करारात मुद्दाम घाला. ज्या पुलीवरून रोप फिरतो तिच्या खाचा झिजल्या असतील, तर नवा रोपही लवकर खराब होतो. रोप करारात आणि पुली बाहेर असेल, तर कंपनी पुलीवर बोट ठेवून रोप बदलायचं टाळते. म्हणून दोन्ही एकत्रच आत घ्या किंवा दोन्ही बाहेर ठेवा.

सहीच्या आधी संयुक्त पाहणी करा. कमिटीचा एक सभासद आणि नव्या कंपनीचा मेकॅनिक मशीन रूमपासून शाफ्टच्या तळाशी असलेल्या पिटपर्यंत बरोबर जाऊ देत. मशीनखाली तेल गळतंय का, रोपच्या तारा तुटल्यात का, हे पाहायचं. रिकामी लिफ्ट आणि भरलेली लिफ्ट मजल्याशी सारखीच थांबते का, तेही बघा. भरल्यावर खालीवर थांबत असेल तर ब्रेक, रोप किंवा कंट्रोलरची सेटिंग तपासायला हवी. मग लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना मेन स्विच बंद करून एआरडी तपासा: लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दरवाजा उघडला पाहिजे. ही चाचणी मेकॅनिकनेच करावी आणि आत कोणी नसावं. जे दोष सापडतील ते फोटोसह लिहून दोघांनी सह्या करा, आणि त्यांतले कोणते कोणाच्या खर्चाने दुरुस्त होणार तेही त्याच कागदावर ठरवा. हा कागद नसेल, तर पहिल्याच महिन्यात 'हा दोष आधीपासूनचा आहे' हे उत्तर मिळतं आणि ते खोडायला हातात काही नसतं.

आता अपवादांकडे या. पाणी, आग, उंदरांनी कुरतडलेल्या केबल, विजेच्या दाबातला चढउतार आणि गैरवापर यांमुळे झालेलं नुकसान बहुतेक करारांत वगळलेलं असतं. मुंबईत यातली पहिली आणि चौथी कारणं खरी महाग पडतात. जुलैत पिटमध्ये पाणी साचतं किंवा गच्चीवरची टाकी वाहून पाणी मशीन रूममध्ये शिरतं. कार्ड जळतं आणि कंपनी म्हणते, पाण्याने गेलं. पिटचं वॉटरप्रूफिंग सोसायटीचीच जबाबदारी आहे, ते मान्य करा. पण वाक्य असं लिहून घ्या: पिटमध्ये पाणी किंवा ओल दिसली की मेकॅनिकने त्याच दिवशी लेखी कळवायचं, आणि कळवूनही सोसायटीने ठरलेल्या मुदतीत काम केलं नाही तरच नुकसान वगळायचं. मे महिन्यातल्या फेरीत पिट आणि मशीन रूमची ही खास तपासणी करारातच घाला.

विजेच्या दाबाचंही तसंच. मशीन रूममध्ये फेज आणि दाब बघणारा रिले बसवा, अर्थिंग मोजून घ्या, आणि हे दोन्ही चालू असताना जळालेलं कार्ड करारात धरायचं, असं लिहा. तसं न लिहिल्यास 'फ्लक्च्युएशन' हा शब्द कुठल्याही जळालेल्या भागासाठी वापरता येतो. मशीन रूमचा एक्झॉस्ट पंखा बंद असला की उन्हाळ्यात ड्राइव्ह तापून ट्रिप होतो. तो पंखाही दर महिन्याच्या जॉबकार्डवर असू दे.

किती वेळात मेकॅनिक येणार, याचे दोन वेगळे आकडे लिहा. माणूस अडकला असेल तर ३० ते ४५ मिनिटं, रात्री आणि सुट्टीलाही. लिफ्ट नुसती बंद असेल तर दिवसा तीन-चार तास. घड्याळ कधी सुरू होतं तेही लिहा: तक्रार नंबर मिळाल्याच्या क्षणी, मेकॅनिकला निरोप पोचल्यावर नव्हे. कंपनीचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. इमारत अंधेरीला आणि रात्रपाळीचा मेकॅनिक वाशीत असेल, तर ४५ मिनिटं कागदावरच राहतील. शिवाय येणं वेगळं आणि लिफ्ट सुरू होणं वेगळं, म्हणून दुरुस्तीचीही कमाल मुदत हवी. भाग मागवावा लागला तर किती दिवस, तेही. वॉचमनने दरवाजा जबरदस्तीने उघडून कोणाला बाहेर काढायचं नाही. अर्ध्या मजल्यावर अडकलेल्या लिफ्टमधून उतरताना माणूस खालच्या शाफ्टमध्ये पडू शकतो. बाहेर काढायचं काम प्रशिक्षित माणसाचं. त्याला उशीर होणार असेल तर १०१ वर अग्निशमन दलाला फोन करायचा.

पैसे तिमाही आणि काम झाल्यावर द्यायचे. ६०,००० च्या दराला तिमाहीला १५,००० आणि १८ टक्के जीएसटीचे २,७०० मिळून १७,७०० होतात. बिलासोबत तीन महिन्यांची तीन जॉबकार्डं हवीत, त्यांवर आल्या-गेल्याची वेळ आणि सोसायटीची सही. दंडाचं गणित इथे नीट करा. 'बंद दिवसांचे पैसे वजा' असं लिहिलं तर दिवसाला जेमतेम १६४ रुपये निघतात; सहा दिवस लिफ्ट बंद राहिली तरी हजाराच्या आत. एवढ्यासाठी कोणी धावपळ करणार नाही. त्याऐवजी पहिल्या २४ तासांनंतर दर दिवसाला वार्षिक दराच्या एक टक्का, म्हणजे ६०० रुपये कापायचे असं मागा. कंपनी कमाल मर्यादा घालेल, ती वाटाघाटीत ठरवा.

सरकारी लिफ्ट निरीक्षकाच्या तपासणीच्या वेळी कंपनीचा माणूस हजर राहील आणि निरीक्षकाने नोंदवलेले दोष मुदतीत दूर करील, हेही लिहा. सरकारी शुल्क मात्र सोसायटीचंच.

शेवटचं कलम करार मोडण्याचं. ३० दिवसांची लेखी नोटीस दोन्ही बाजूंना असू दे. त्यासोबत कंट्रोलरचा पासवर्ड, वायरिंग डायग्राम आणि सर्व चाव्या परत देण्याची अट असू दे. काही कंट्रोलर फक्त त्या कंपनीच्याच उपकरणाने उघडतात, म्हणून पासवर्डची अट सही करतानाच मागायला हवी. सोसायटी पुनर्विकासाला जाणार असेल, तर इमारत रिकामी झाल्यावर करार आपोआप संपेल आणि काही रक्कम आगाऊ दिली असेल तर ती दिवसांच्या हिशेबाने परत मिळेल, एवढी ओळ त्याच पानावर घ्या.