लोगो करून घेताना मालकीचं वाक्य लिहून घ्या

मसाल्याच्या पाकिटाचं डिझाइन फ्रीलान्सरकडून ३०,००० रुपयांत करून घेताय, असं धरू. पूर्ण पैसे दिले म्हणजे डिझाइन आपलं झालं, असं बहुतेकांना वाटतं. कॉपीराइट कायदा, १९५७ तसं म्हणत नाही. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क सहसा मालकाकडे जातो. फ्रीलान्सरने काढलेल्या लोगोचा हक्क मात्र लेखी करार नसेल तर साधारणपणे त्याच्याकडेच राहतो.

म्हणून करारात हे वाक्य हवंच: ‘या लोगोचे व पाकिटाच्या डिझाइनचे सर्व कॉपीराइट हक्क, संपूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी, ३०,००० रुपयांच्या मोबदल्यात मी ग्राहकाकडे हस्तांतरित करत आहे.’ खाली फ्रीलान्सरची सही. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दुबईला मसाला पाठवायची वेळ आली की हे नडतं.

हप्ते या सहीशी जोडा. सुरुवातीला ९,०००, तीन कच्च्या नमुन्यांपैकी एक पक्का झाल्यावर १२,०००, आणि उरलेले ९,००० मूळ फाइल व सही हातात आल्यावरच. नुसतं जेपीजी घेऊ नका, छापखान्याला .ai किंवा .svg फाइल लागते. फेरबदल दोनदाच, तिसऱ्यांदा वेगळे पैसे, हेही लिहा. डिझाइनरचा वेळही फुकटचा नसतो.