‘हे काम तुमचे की कंपनीचे?’ : निविदा समितीसमोर पथकप्रमुखाची ओळख

तांत्रिक सादरीकरणात मी स्वतःची ओळख करून दिली की मूल्यमापन समिती हमखास विचारी, ‘हे काम तुमचे की कंपनीचे?’, आणि प्रमुख मनुष्यबळाच्या निकषावर गुण कमी पडत. प्रकल्पांची यादी वाढवूनही फरक पडेना, हे फार खचवणारे होते.

उपयोगी पडला तो पुढील क्रम. प्रथम नाव आणि या निविदेतील पद सांगितले. मग प्रस्तावित कामाशी सर्वाधिक जुळणारा एकच प्रकल्प घेतला : ‘१८ किलोमीटर जलवाहिनीच्या कामात मी आरंभापासून हस्तांतरणापर्यंत पथकप्रमुख होतो, आखणी आणि चाचणीचे निर्णय माझे होते, खोदकाम उपकंत्राटदाराचे होते.’ दुसऱ्याचा वाटा असा वेगळा काढला की आपला वाटा आपोआप विश्वसनीय ठरतो. त्यानंतर अडचण सांगितली : ‘दाबचाचणीत गळती आढळली, सांधे बदलून फेरचाचणी घेतली, काम ३ आठवडे लांबले.’ विलंब लपवू नये, कारण पूर्णत्वाच्या दाखल्यावरील तारखेतून तो दिसतोच. लगेच त्या दाखल्याचा प्रस्तावातील पृष्ठक्रमांक दिला. सदस्यांनी पान उघडून पाहिले आणि पुढचे प्रश्न थेट चाचणीच्या पद्धतीवर आले. शेवटी या कामासाठीची माझी पूर्णवेळ उपलब्धता सांगितली.

प्रस्तावात नसलेला प्रकल्प मात्र तोंडी सांगू नये. समिती सहसा सादर केलेल्या कागदपत्रांवरच गुण देते.