गणपतीच्या रजेचा मेल: पाठवण्याआधी काय काय हाताशी हवं

ठाण्यातल्या एका कंपनीत मी अकाउंट्स विभाग सांभाळते. माझ्या हाताखाली सहा जण, त्यातले चार कोकणातले. म्हणजे जुलै उजाडला की माझ्या इनबॉक्समध्ये गणपतीच्या रजेचे मेल येऊ लागतात. काहींना मी दोन मिनिटांत ‘मंजूर’ लिहून मोकळी होते. काही मेल आठवडाभर तसेच पडून राहतात. रजा द्यायची नसते असं नाही. मेल वाचून माझ्याच डोक्यात तीन प्रश्न उभे राहतात, ते विचारायला वेळ नसतो, आणि मेल खाली खाली सरकत जातो. तुमच्या साहेबांचंही बहुतेक असंच होत असणार. म्हणून ही तयारी सगळी एकाच हेतूने करायची: वाचणाऱ्याला उलट प्रश्न न विचारता एका ओळीत उत्तर देता आलं पाहिजे.

सुरुवात कॅलेंडरपासून करा, मेलपासून नाही. २०२६ ची गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे, आणि गौरी-गणपतीचं विसर्जन शनिवारी, १९ ला. समजा आपलं ऑफिस सोमवार ते शनिवार चालतं आणि तुम्हाला शुक्रवारी ११ ला रात्रीच्या गाडीने कणकवलीला निघायचंय. मग रजा १२ ते १९. मोजायला गेलं तर आठ दिवस, पण मधला रविवार आणि चतुर्थीची सुट्टी वगळली की कामाचे दिवस सहाच. इथेच पहिली ठेच लागते. काही कंपन्यांत सँडविचचा नियम असतो: रजेच्या मधे सापडलेली सुट्टीही रजेत धरतात, आणि सहाचे आठ होतात. आपल्याकडे काय चालतं ते एचआरला आधी विचारून घ्या आणि मेलमध्ये तोच आकडा टाका. शिल्लक रजा किती, त्यातली किरकोळ किती आणि अर्जित किती, हेही त्याच वेळी पोर्टलवर बघून ठेवा. बऱ्याच ठिकाणी किरकोळ रजा सलग दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त घेता येत नाही, त्यामुळे गावच्या मुक्कामाला अर्जित रजाच लागते.

मग गाडीची तारीख. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस असायचं. ११ सप्टेंबरच्या गाडीसाठी म्हणजे १३ जुलै, सकाळी ८. त्या सकाळी काही मिनिटांत वेटिंग लागतं, हे कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. तेव्हा मेल जुलैच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा. आधी तिकीट काढून मग ‘तिकिटं काढली आहेत, कृपया रजा द्यावी’ असं लिहिणारे दरवर्षी निघतात. त्यांना वाटतं, तिकीट दाखवलं की साहेब नाही म्हणणार नाहीत. मला मात्र ते वाचलं की ठरवून टाकलेली गोष्ट कळवायला आल्यासारखं वाटतं, आणि विनंतीचं रूपांतर नोटिशीत होतं.

आता सगळ्यात जास्त वेळ घेणारी तयारी: तुम्ही नसताना काय अडेल, त्याचा हिशेब. इथे ‘सगळी कामं पूर्ण करून जाईन’ हे वाक्य लिहायचा मोह होतो. लिहू नका, कारण ते बहुतेक वेळा खरं नसतं. आपल्याच विभागाचं बघा. ऑगस्टच्या विक्रीचा जीएसटी रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१, भरायची मुदत ११ सप्टेंबर, तो निघण्याआधी होईल. आगाऊ कराचा दुसरा हप्ता १५ ला, त्याची आकडेमोड आणि चलन आधी करून ठेवता येतं. पण महिन्याचा कर भरायचा रिटर्न, जीएसटीआर-३बी, त्याची मुदत २० सप्टेंबर, आणि त्यासाठी लागणारा २बी, म्हणजे खरेदीवर मिळणाऱ्या इनपुट क्रेडिटचा तक्ता, जीएसटीच्या पोर्टलवर तयार होतो १४ तारखेला, म्हणजे नेमका चतुर्थीच्या दिवशी. त्याआधी इनपुट क्रेडिटचा मेळ पक्का बसूच शकत नाही, कितीही रात्री जागलात तरी. शिवाय २० ला रविवार. म्हणजे ३बी तुमच्याशिवाय, शुक्रवारी १८ पर्यंत कुणीतरी करावाच लागणार. हे मला तुमच्या मेलमध्ये दिसलं की मी निश्चिंत होते. नाही दिसलं की वाटतं, या माणसाला हे सुचलंच नाहीये.

काम ज्याच्याकडे सोपवणार त्याच्याशी आधी बोलून घ्या. ‘अबक यांना सांगेन’ आणि ‘अबक यांच्याशी बोललो आहे, ते तयार आहेत’ यात फार फरक आहे. पहिलं वाक्य वाचलं की मला स्वतः उठून अबकच्या टेबलाशी जावं लागतं. आणि तो अबकही त्याच आठवड्यात रजा मागणार नाहीये ना, हे विचारून घ्या. कोकणातले चौघे म्हटल्यावर हा प्रश्न काल्पनिक नाही.

इतकं जमलं की लिहायला दहा मिनिटं पुरतात. विषयाच्या ओळीत नुसतं ‘रजेबाबत’ लिहिलं तर सप्टेंबरात मला तो मेल शोधताच येत नाही, तारखा तिथेच हव्यात. आमच्याकडे मेल मराठीत चालतो. तुमच्याकडे इंग्रजीत लागत असेल तर क्रम हाच ठेवा.

> विषय: रजेची विनंती – १२ ते १९ सप्टेंबर २०२६ (कामाचे ६ दिवस)
>
> नमस्कार मॅडम,
>
> गणपतीसाठी गावी, कणकवलीला जायचं आहे. त्यासाठी शनिवार १२ ते शनिवार १९ सप्टेंबर अशी अर्जित रजा मिळावी, ही विनंती. रविवार आणि चतुर्थीची सुट्टी वगळून कामाचे ६ दिवस होतात. माझ्या खात्यावर आज ११ अर्जित रजा शिल्लक आहेत. सोमवार, २१ सप्टेंबरला सकाळी कामावर हजर असेन.
>
> या काळातली कामं अशी लावली आहेत. ऑगस्टचा जीएसटीआर-१ मी १० तारखेला भरून जाईन. आगाऊ कराची आकडेमोड ९ तारखेपर्यंत तुमच्याकडे देईन आणि तुम्ही पाहिलंत की ११ ला चलन भरेन. ३बी साठीचा २बी १४ ला येतो, त्यामुळे ते काम माझ्या मागे होईल. ते श्री. अबक १८ तारखेपर्यंत करतील. त्यांच्याशी बोललो आहे, आणि खरेदीची जुळणी ११ पर्यंतची करून त्यांच्याकडे देईन.
>
> गावी रेंज कमी असते. संध्याकाळी ७ ते ८ या वेळात फोन नक्की लागेल.
>
> गाडीचं आरक्षण १३ जुलैला उघडतं, त्यामुळे १० जुलैपर्यंत कळवलंत तर बरं होईल. तारखा मागेपुढे करायच्या असतील तर एक दिवस उशिरा निघता येईल.
>
> आपला,
> (नाव)

यात रजेचं कारण अर्ध्या वाक्यात संपलंय, तिकडे लक्ष द्या. ‘आमच्या घरचा गणपती दीडशे वर्षांचा आहे, काका थकलेत, यंदा पूजा माझ्यावर आहे’ हे सगळं खरं असेल. चहाच्या वेळी सांगितलंत तर मी आवडीने ऐकेन. मेलमध्ये मात्र कारण जितकं लांबतं तितकं ते सबबीसारखं वाटायला लागतं. शिल्लक रजा मागताना माणूस उपकार मागत नाही, म्हणून ‘कृपा करून’, ‘आपण समजून घ्याल अशी आशा बाळगतो’, ‘तसदीबद्दल क्षमस्व’ असली गयावया नको. उलट टोकाला ‘मी १२ ते १९ रजेवर असेन, कृपया नोंद घ्यावी’ हेही नको, तारखा अजून मंजूर व्हायच्या आहेत. ‘मिळावी, ही विनंती’ यात दोन्ही सांभाळलं जातं. एकदा लिहिलं की पुरे, तीच विनंती शेवटी पुन्हा नको.

शेवटची ओळ लोक सहसा लिहीत नाहीत, आणि माझ्या मते मेलमधली सर्वांत कामाची ओळ तीच. उत्तर कधीपर्यंत हवं आणि का, हे कळलं की मेल मागे पडत नाही. आणि ‘एक दिवस उशिरा निघता येईल’ म्हटल्यामुळे माझ्याकडे हो आणि नाही यांच्या मधली एक वाट उरते. पण हे खरंच शक्य असेल तरच लिहा. मी हो म्हणून १२ ला रात्री निघायला सांगितलं आणि तुम्ही तोंड पाडून बसलात, असं नको.

आजारपणाच्या रजेला यातलं काहीच लागू नाही. सकाळी ताप असेल तर दोन ओळी आणि आज कोणतं काम कुणी बघावं, एवढं पुरतं.

ठरलेल्या तारखेपर्यंत उत्तर नाही आलं तर नवा मेल लिहू नका. त्याच मेलला उत्तर देऊन ‘मॅडम, सोमवारी आरक्षण उघडतंय, म्हणून आठवण करतोय’ एवढं लिहा, किंवा सरळ केबिनमध्ये या. तोंडी ‘हो’ मिळालं तरी त्याच मेलवर ‘आत्ता बोलणं झाल्याप्रमाणे’ अशी एक ओळ टाकून ठेवा. पोर्टलवर अर्ज भरायचा तो त्यानंतर, आणि तो विसरलात तर पगारात कापलेले दिवस दिसतात.

निघायच्या दिवसासाठी एक गोष्ट मेलमध्ये नसते, पण माझ्या यादीत ती सगळ्यांत वर आहे. आधीच्या एका नोकरीत आमचा सहकारी सगळं नीट सोपवून गावी गेला. जुळणी तयार, आकडे तयार, मागे राहिलेल्याला पासवर्डही माहीत. १८ तारखेला रिटर्न भरायला बसलो तर डिजिटल सहीचा डोंगल त्याच्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवरची किल्ली त्याच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, देवगडला. कुलूपवाला बोलावला. त्याने ड्रॉवर उघडला तेव्हा आत डोंगलबरोबर अर्धा पुडा खारे शेंगदाणे निघाले. त्यामुळे ११ तारखेला संध्याकाळी बॅग उचलण्याआधी डोंगल आणि किल्ली अबकच्या हातात द्या, आणि तुमच्यासमोरच त्याला एकदा लॉगिन करून बघायला सांगा.